धूसर झालेला जुना टिपण-नकाशा कसा वाचायचा : गुरुजींनी सर्वे नंबर ८७ चं कोडं कसं सोडवलं

बांधावरून भांडण झालं की लोक पहिली गोष्ट काय करतात तर जुना नकाशा काढतात, त्याची झेरॉक्स मारतात, त्यावर शाळेची पट्टी ठेवतात आणि "हे बघ, तुझ्याकडं माझी सोळा फूट जमीन निघते" असं सांगायला लागतात. हे एवढं कॉमन आहे की गावात दर उन्हाळ्यात एक तरी असा किस्सा होतोच. प्रॉब्लेम नकाशात नसतो, वाचायची ऑर्डर उलटी असते. रेघ आधी मोजतात आणि रेघेशेजारी लिहिलेला आकडा कोणी बघतच नाही.

खाली जी पद्धत देतोय ती आमच्याकडं माण तालुक्यात एका रिटायर्ड गुरुजींनी आबा आणि नानांच्या वादात वापरली. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस, वडिलांकडून मोडी शिकलेला. आबांचा सर्वे नंबर ८७, त्याला लागून पूर्वेला नानांचा ८६. नानांचं म्हणणं, मधल्या बांधाचा कोपरा आबांनी सोळा फूट माझ्या बाजूला ढकललाय. आबांच्या पुतण्याने पेटीतला जुना कागद फोटो काढून मोबाईलवर मोजला आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर नानांच्याच बाजूने निघालं! मग दोघं कागद घेऊन गुरुजींच्या ओट्यावर.

टप्पा १ : हातातला कागद नक्की कोणता ते आधी ओळखा

"नकाशा" म्हणून लोक चार वेगळे कागद आणतात.

गाव नकाशा म्हणजे अख्ख्या गावाचा, त्यात शिवा, ओढे, रस्ते आणि सगळे नंबर एकत्र. टिपण म्हणजे एकाच सर्वे नंबरचा कच्चा आराखडा, त्यावर मोजणीचे आकडे हाताने लिहिलेले. फाळणी म्हणजे त्या नंबरचे पोटहिस्से पाडले त्याचा नकाशा. आणि गट नकाशा हा एकत्रीकरणानंतरचा.

बांधाचा वाद असेल तर टिपण (पोटहिस्स्यांमधला वाद असेल तर फाळणी) लागते, गाव नकाशा नाही. कारण सरळ गणितात आहे. कित्येक जुने गाव नकाशे १ इंचाला २० साखळी या मापात आहेत. जुनी साखळी ३३ फुटांची, म्हणजे एका इंचात ६६० फूट आले आणि एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ २६ फूट. पेनाची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीत १३ फूट गेले. त्या नकाशावर सोळा फुटांचं भांडण कसं मिटणार? गाव नकाशा कशासाठी तर कोणता नंबर कुणाच्या शेजारी आहे, ओढा कुठल्या बाजूला, गाडीवाट होती का, एवढंच.

*तपासा :* कागदावर मधल्या रेघेपासून कोपऱ्यांपर्यंतच्या लंबांचे आकडे आहेत का? एकच नंबर मोठा काढलाय आणि कडेला शेजारचे नंबर लिहिलेत का? दोन्ही "हो" असेल तर टिपण आहे. आबांचा कागद टिपणच होता, मोजणी ऑफिसातून फार वर्षांपूर्वी हाताने उतरवून घेतलेली नक्कल.

कागद घरात सापडला तरी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक ऑफिसात टिपणाच्या नकलेचा अर्ज टाकाच. आबांनी टाकला होता, पण मिळाली ती उडालेल्या कागदाची झेरॉक्स आणि बारीक रेघा त्यात आल्याच नव्हत्या. म्हणून पेटीतल्या कागदाचा उपयोग झाला. दोन्ही जवळ ठेवायचे, एकात नाही ते दुसऱ्यात दिसतं.

टप्पा २ : कागदाला हात लावण्याआधी

करू नका : इस्त्री फिरवणे, पाण्याचा हात लावणे, सेलोटेप, लॅमिनेशन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुसट रेघेवरून पेन गिरवणे. एकदा गिरवलं की खरी रेघ काय होती आणि तुमची काय होती ते कुणालाच कळत नाही, आणि पुढं मोजणीवाल्यासमोर तो कागद संशयास्पद ठरतो तो वेगळाच.

घडी पडलेली असेल तर कागद सपाट टेबलावर दिवसभर जाड पुस्तकांखाली ठेवा. मग सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीजवळ बघा. शाई उडालेली असली तरी टाकाच्या निबाने कागदावर बारीक चर पडलेली असते आणि उजेड बाजूने आला की ती सावलीसारखी दिसते. गुरुजींनी कागद फिरवत फिरवत चारही बाजूंनी बघितला आणि प्रत्येक वेळी पुतण्याला फोटो काढायला लावला, "फ्लॅश बंद ठेव रे, आणि मोबाईल वरून सरळ धर, तिरका नको." नंतर ते फोटो काळेपांढरे करून कॉन्ट्रास्ट वाढवला. एका फोटोत जे दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं, त्यामुळं एकाच फोटोवर विसंबून राहू नका.

टप्पा ३ : जुना नंबर आणि आजचा नंबर जुळवा

इथं निम्मे लोक गंडतात. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि टिपण असतं जुन्या सर्वे नंबरचं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, त्यानंतर ज्या गावांत एकत्रीकरण झालं तिथं सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. गट ८७ आणि सर्वे ८७ यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. कोकणात बऱ्याच ठिकाणी एकत्रीकरण झालेलंच नाही, तिथं अजून सर्वे आणि हिस्सा नंबरच चालतो, त्यांना हा टप्पा सोपा.

तलाठ्याकडं किंवा मोजणी ऑफिसात जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर यांचा तक्ता असतो, तो आधी बघायचा. त्यात तीन शक्यता असतात. सगळा सर्वे नंबर जसाच्या तसा एक गट झाला, किंवा त्याचे दोन-तीन गट झाले, किंवा दोन-तीन नंबरांचे तुकडे मिळून एक गट झाला. पहिल्या शक्यतेत जुनं टिपण थेट चालतं. बाकी दोनात नुसत्या टिपणावर हद्द सांगू नका, एकत्रीकरणाचा नकाशा घेतल्याशिवाय पुढं जाऊच नका.

आबा-नानांच्या नशिबाने दोघांचेही नंबर अख्खेच्या अख्खे गटात गेले होते, मधला बांध तोच राहिला होता.

टप्पा ४ : कागद सरळ धरलाय का?

टिपणात वरची बाजू उत्तर असेलच असं नसतं. मोजणीदार ज्या दिशेने शेताच्या मधून टाकलेल्या आधाररेषेवर चालला तशी आकृती काढलेली असते. त्यामुळं आधी आकृतीच्या कडेला लिहिलेले शेजारचे नंबर वाचा आणि गाव नकाशाशी ताडून बघा. ८७ च्या टिपणात ८६ उजव्या हाताला लिहिलेला, आणि जमिनीवर नाना पूर्वेला, म्हणजे मोजणीदार दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला. हे कळलं की डावा लंब आणि उजवा लंब कुठला ते पक्कं होतं.

*तपासा :* कमीत कमी दोन शेजारी नंबर जुळले पाहिजेत. एकच जुळला तर आकृती आरशासारखी उलटी धरलेली असू शकते.

टप्पा ५ : आकडे वाचणे (सगळा खेळ इथं आहे)

जुनी मोजणी शंकू-साखळीने व्हायची. शेताच्या मधून एक आधाररेषा टाकायची, तिच्यावर साखळीने चालत जायचं, आणि जिथून शेताचा कोपरा काटकोनात दिसेल तिथं थांबून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. शंकू हा काटकोन धरायला. टिपणात म्हणून दोन प्रकारचे आकडे येतात, आधाररेषेवर सुरुवातीपासून किती साखळी आणि तिथून लंब किती साखळी.

एक साखळी ३३ फूट, तिचे सोळा आणे, एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरा जास्त. आणि क्षेत्राला फार सोयीचं, कारण एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे बरोब्बर एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठे झाले की एकर.

आता आण्यांची खूण. जुन्या हिशेबी पद्धतीत चार आण्याला एक उभी रेघ आणि एका आण्याला एक आडवी रेघ. म्हणजे ७। हे सव्वासात, ७॥ साडेसात, ७॥। पावणेआठ, आणि ७।= हे सात साखळी सहा आणे. ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी-पाऊणकी घोकली त्यांना हे बघताक्षणी कळतं, नव्या पोरांना ॥ म्हणजे अकरा वाटतं. आणि उडालेल्या कागदावर आकडा शिल्लक राहतो, त्याच्या शेजारच्या बारीक उभ्या रेघा पहिल्यांदा गायब होतात! अंक टाक दाबून काढलेला असतो, रेघ वरवर मारलेली असते.

८७ च्या टिपणातले दिसणारे आकडे पुतण्याने असे लिहून आणले होते :

- आधाररेषा २४ साखळी
- डावीकडं : ६ साखळीवर लंब ८, आणि १८ साखळीवर लंब १०
- उजवीकडं (नानांच्या बाजूला) : ९ साखळीवर लंब ७

गुरुजींनी हा कागद बाजूला ठेवला आणि मूळ टिपणावरून परत सगळं स्वतः लिहून काढलं, आणि जिथं खात्री नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकलं. ही सवय लावून घ्या. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता आकडे उतरवायचे आणि मग ताडून बघायचे. १ आणि ९, २ आणि ३ हे पुसट झाले की हमखास चुकतात. बाजूचा मजकूर मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूस शोधा, अंदाजाने वाचू नका.

टप्पा ६ : क्षेत्र काढून आकडे बरोबर आहेत का ते पकडा

हा टप्पा कुणीच करत नाही आणि खरं उत्तर यातूनच निघतं. टिपणातल्या आकड्यांवरून शेताचे त्रिकोण-चौकोन पाडून क्षेत्र काढायचं आणि आकारबंदातल्या, म्हणजे प्रत्येक नंबरचं क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या सरकारी नोंदीतल्या क्षेत्राशी लावून बघायचं. जुळलं तर आकडे बरोबर वाचलेत, नाही जुळलं तर कुठंतरी चूक आहे.

डावी बाजू :

- पहिला त्रिकोण ६ × ८ ÷ २ = २४ गुंठे
- मधला भाग, लंबांची सरासरी ९, लांबी १२, म्हणून १०८ गुंठे
- शेवटचा त्रिकोण ६ × १० ÷ २ = ३० गुंठे
- एकूण १६२ गुंठे

उजवी बाजू : एकच कोपरा, म्हणून २४ × ७ ÷ २ = ८४ गुंठे.

बेरीज २४६, म्हणजे ६ एकर ६ गुंठे. आकारबंदात क्षेत्र होतं ६ एकर १२ गुंठे. सहा गुंठे कमी.

*सावधान :* आकारबंदातलं पोटखराब्यासकट एकूण क्षेत्र घ्या. नुसतं लागवडीचं घेतलं तर फरक पडणारच आणि तुम्ही उगाच आकड्यात चूक शोधत बसाल. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर, म्हणजे ६ एकर १२ गुंठे हे २ हेक्टर ५५ आर.

पुतण्या म्हणाला, "जुनी मोजणी, एवढा फरक असणारच की गुरुजी." गुरुजी म्हणाले, "असेल, पण आधी तो फरक कुठल्या आकड्यातून आलाय ते बघू." आणि त्यांनी एकेक आकडा हलवून बघितला. उजवा लंब एक साखळीने वाढवला तर क्षेत्र १२ गुंठ्यांनी वाढतं. डावीकडचा कुठलाही एक लंब साखळीभर वाढवला तर ९ गुंठे. आता सहा गुंठे भरून काढायचे तर डावीकडचा लंब दोन तृतीयांश साखळी वाढवावा लागेल, म्हणजे पावणेअकरा आणे, असलं माप कोण लिहितो? उजवीकडं मात्र अर्धी साखळी वाढवली की बरोब्बर सहा गुंठे येतात. म्हणजे ७ च्या पुढं ॥ असायला पाहिजे.

अजून हा अंदाजच आहे, लक्षात ठेवा. क्षेत्र जुळवायला आकडा बदलायचा नसतो, क्षेत्र फक्त कुठं बघायचं ते सांगतं. गुरुजींनी तिरप्या उजेडातला फोटो मोठा केला, ७ च्या शेजारी दोन बारीक उभे चर दिसले, शाई शून्य. तरी ते तिथं थांबले नाहीत. "नाना, तुमच्या ८६ चं टिपण आणा." बांध दोघांचा एकच आहे, त्यामुळं तो कोपरा नानांच्या टिपणातही आलाच पाहिजे. नानांनी जरा कुरकुर केली पण नक्कल काढून आणली. त्या टिपणात आधाररेषा वेगळी, लंब वेगळे, पण त्यावरून बांधाच्या दोन्ही बाजूंची लांबी काढली तेव्हा ती साडेसातच्या हिशेबाशी जुळली, सातच्या नाही.

शेजाऱ्याचं टिपण घेतल्याशिवाय हद्द वाचली असं म्हणूच नका. आपल्या कागदावर आपल्या सोयीचं दिसतंच.

टप्पा ७ : शेतावर जाऊन ताळा

कधी जायचं तर रब्बीची कापणी झाल्यावर, शिवार मोकळं असताना. उभ्या पिकात टेप सरळ जात नाही.

आधी आधाररेषेची दोन टोकं शोधायची, तिथं जुने हद्दीचे दगड असण्याची शक्यता जास्त. ८७ ची दक्षिणेकडची टोकाची खूण लगेच सापडली, उत्तरेकडची बाभळीच्या बुडात मातीत गेलेली. दोन्ही दगडांमधलं अंतर २४ साखळी म्हणजे ७९२ फूट यायला पाहिजे. हे आधी मोजा. हेच जुळत नसेल तर चुकीचे दगड धरलेत, पुढं काहीही मोजू नका.

मग कोपरा. दोन रस्ते आहेत. एक, आधाररेषेवर ९ साखळी म्हणजे २९७ फुटांवर खुंटी ठोकायची, दोरीला ३०-४०-५० फुटांचा त्रिकोण करून काटकोन धरायचा आणि उजवीकडं साडेसात साखळी, २४७ फूट ६ इंच जायचं. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही दगडांपासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी अंतरं काढून ठेवायची आणि टेपने ताडायची. गुरुजींनी दोन्ही केलं. दुसऱ्यासाठी त्यांनी रात्री हिशेब करून ठेवला होता :

- लंब साडेसात धरला तर दक्षिण दगडापासून ३८६½ फूट, उत्तर दगडापासून ५५३½ फूट
- लंब सात धरला तर ३७६ आणि ५४६ फूट

सात ते दहा फुटांचा फरक टेपवर लपत नाही. टेप आडवा आणि ताणून धरा, उतारावर जमिनीला चिकटवून मोजलं तर अंतर जास्त येतं. लांब अंतर टप्प्याटप्प्याने मोजताना प्रत्येक टप्पा एकाच सरळ रेषेत राहील असं बघा, नाहीतर तिथंही फूट दोन फूट वाढतात.

खुंटी पडली ती सध्याच्या बांधाच्या कोपऱ्यापासून साधारण तीन फूट आबांच्या बाजूला. म्हणजे नाना म्हणत होते तसे सोळा फूट नाहीत, आणि आबा म्हणत होते तसा बांध अगदी जागेवरही नाही. आबांचा चेहरा जरा उतरला. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं की साखळीच्या जुन्या मोजणीत आणि आपल्या टेपमध्ये मिळून तीन फूट सहज इकडचे तिकडं होतात, त्यावर मी कुणाच्याच बाजूने बोलणार नाही.

अजून एक गोष्ट त्यांनी मातीत काठीने काढून दाखवली. लंबातली अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट, पण वादाची जागा साडेसोळा फुटांचा सलग पट्टा नसतो. दोन्ही टोकांचे दगड जागेवरच आहेत, फक्त मधला कोपरा हलतो, त्यामुळं जागा पाचरीसारखी होते, कोपऱ्यावर रुंद आणि टोकांकडं शून्य. नाना इतके दिवस अख्ख्या बांधाच्या लांबीवर सोळा फूट धरून हिशेब सांगत होते, तो आकडा दुप्पट फुगलेला होता.

टप्पा ८ : इथं थांबा आणि अर्ज करा

आपण काढलेलं उत्तर हे फक्त आपल्याला समजण्यासाठी. कायद्याने हद्द दाखवायचं काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचं. खुंटी पडली म्हणून बांध फोडायचा नाही, नवा दगड पुरायचा नाही, जुना हलवायचा तर अजिबात नाही, हद्दीची खूण हलवली तर दंड बसतो आणि तुमची बाजू पण कमजोर होते.

मोजणीचा अर्ज करताना सोबत ताजा सातबारा, लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते, आणि मागायचं ते नेमकं लिहा, "हद्द कायम मोजणी". लगतवाल्यांना नोटीस जाते, त्यांचे पत्ते चुकले की मोजणीच पुढं जाते. आबा-नानांनी दोघांच्या सहीने अर्ज टाकला, कारण तोपर्यंत वाद तीन फुटांवर आला होता आणि फी वाटून घ्यायला दोघंही तयार झाले.

मोजणीच्या दिवशी गुरुजींनी स्वतः न येता एक पानभर कागद पाठवला. त्यात टिपणातले सगळे आकडे, ॥ ची शंका कुठं आहे, ८६ च्या टिपणाशी ताळा, दोन्ही दगड कुठं सापडले, आणि तिरक्या उजेडातल्या फोटोची प्रिंट. निष्कर्ष एका शब्दाने लिहिला नव्हता. तुम्हीही असंच पान करा. मोजणीदार तुमचं मत ऐकायला बांधील नसतो, पण बाभळीच्या बुडात दगड आहे हे लिहून दिलं तर तो तिथं जाऊन बघतो. आमच्याकडं त्यानं बघितला, आणि मशीन लावायच्या आधी तो दगड मोकळा करून घेतला.

मोजणी झाली की हद्दीच्या खुणांच्या नकाशाची "क" प्रत मिळते, ती पेटीत घडी घालून टाकू नका, सपाट फाईलमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी स्कॅन करून दोन्ही घरांच्या मोबाईलवर पाठवा.